भाचीने शाळेच्या अंकासाठी लिहिलंय, परीक्षेत वेळ नसताना खेळायच्या तीन छोट्या गेम्स. जरा वाचून सांगा

घाटावरचा_मामा

मंडळी, भाची नववीत आहे. शाळेच्या वार्षिक अंकात यंदा 'परीक्षण' असा एक कोपरा आहे, बाकीच्या पोरांनी पुस्तकं घेतली आणि हिने व्हिडिओ गेम्स घेतल्या. बाईंनी आश्चर्यकारकरीत्या हो म्हटलं, फक्त अट घातली की परीक्षेच्या दिवसात ज्यांना अर्धा तासच मिळतो त्यांच्यासाठी लिही आणि अडीचशे शब्दांच्या वर जाऊ नकोस. मला यातलं ओ की ठो कळत नाही, मी साप आणि विटांच्या पलीकडे गेलो नाही, म्हणून इथे टाकतोय. तिचं लिखाण जसंच्या तसं:

"परीक्षा आली की गेम बंद होतात पण डोकं बंद होत नाही. म्हणून मी तीन छोट्या गेम्स सुचवते. पहिली २०४८. चार बाय चारच्या चौकटीत सारखे आकडे एकावर एक ढकलायचे, दोनाचे चार, चाराचे आठ असं करत २०४८ पर्यंत न्यायचं. पाच मिनिटांत एक डाव होतो. दुसरी मिनी मेट्रो. स्टेशनं येत जातात आणि आपण रेषा ओढून मेट्रो चालवायची, गर्दी झाली की संपलं. यात मुंबईचा नकाशापण आहे. तिसरी अ शॉर्ट हाइक. क्लेअर नावाच्या पक्षिणीला डोंगराच्या टोकावर जायचंय कारण खाली मोबाइलला रेंज नाही. दीड तासात संपते आणि शेवट वाचून नाही तर खेळूनच कळेल. तिन्ही छोट्या आहेत म्हणून अभ्यासाचं नुकसान होत नाही."

चुका काढा, पण जपून काढा, पोरगी वाचणार आहे.

कुलकर्णी_काकू_ठाणे

छान उपक्रम आहे. पण माझ्या मते मुलांनी परीक्षेत लंगडी, सागरगोटे, फार तर डबा ऐसपैस असे छोटे खेळ खेळावेत. डोळ्याला ताण नाही आणि हातापायाला मोकळीक. आमच्या वेळी दहा मिनिटं दोरीवरच्या उड्या मारून परत पुस्तकाला बसायचो. मैदानी खेळांवरचा लेख हवा असेल तर मी पाठवू शकते.

घाटावरचा_मामा

काकू विषय मोबाइल-कॉम्प्युटरवरच्या गेम्सचा आहे हो, कोपराच तसा आहे. सागरगोट्यांवर पुढच्या अंकात नक्की.

रात्रपाळी

शेवटचं वाक्य काढून टाक म्हणावं. "छोटी आहे म्हणून नुकसान होत नाही" हे मी लिहून देतो की खोटं आहे. २०१४ साली ही २०४८ नवीन आली तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो, एम थ्रीच्या, म्हणजे गणिताच्या पेपरच्या आदल्या रात्री फक्त एक डाव म्हणून उघडली आणि पहाटे तीनला १०२४ वर मेलो, मग परत, मग परत, आणि त्या विषयाला केटी लागली ती लागलीच. एक डाव छोटा असतो हो, पण डाव संपला की खाली लगेच नवीन डावाचं बटण असतं आणि आपण तर आत्ताच हरलेलो असतो, मग कोण उठणार.

पटावरचा_उंट

रात्रपाळीने दुखणं सांगितलं पण नाव नाही घेतलं. 'छोटी गेम' या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि भाचीच्या परीक्षणात त्या एकत्र झाल्यात. एक असते सगळीच्या सगळी छोटी, म्हणजे गोष्ट सुरू होते, दीड तासात संपते, पडद्यावर नावं येतात, झालं. अ शॉर्ट हाइक तशी आहे. दुसरीचा एकेक डाव छोटा असतो पण गेमला तळच नसतो. २०४८ आणि मिनी मेट्रो या दुसऱ्या जातीच्या. परीक्षेच्या दृष्टीने दोन्हींचा धोका उलटा आहे. पहिलीत मधेच सोडून अभ्यासाला बसणं जड जातं पण एकदा संपली की संपली, दुसरीत कुठेही सोडता येतं पण संपतच नाही. वाचणाऱ्याला हे कळलं की बाकीचं तो स्वतः ठरवेल.

आणि 'पाच मिनिटांत एक डाव' हे मला खटकलं. तिने घड्याळ लावलं होतं का?

घाटावरचा_मामा

विचारलं. नाही लावलं. "पाचच वाटतात" म्हणाली.

पटावरचा_उंट

हाहा, पाचच वाटतात हाच त्या गेमचा गुण. पण यात घड्याळाशिवायही हिशोब करता येतो आणि नववीच्या मुलीला तो जमेल. दर चालीला चौकटीत एक नवा आकडा पडतो. दहातल्या नऊ वेळा २ पडतो, एकदा ४. म्हणजे सरासरी चालीला २.२ ची भर. आता गंमत बघ, दोन आठ एकत्र होऊन सोळा झाले तरी चौकटीतल्या सगळ्या आकड्यांची बेरीज बदलत नाही, ती फक्त नव्या पडणाऱ्या आकड्यांनीच वाढते. म्हणजे २०४८ चा चौकोन बनायला बेरीज निदान २०४८ व्हायला हवी. भागिले २.२, येतात साधारण ९३० चाली. सेकंदाला एक चाल धरली तरी पंधरा-साडेपंधरा मिनिटं, आणि विचार करून दोन सेकंदाला एक खेळलास तर अर्धा तास. पाच मिनिटांत फक्त हरता येतं.

यातून अजून एक निघतं. मधेच कधीही थांबून बेरीज कर आणि किती उरलंय ते काढ. समज चौकटीत ५१२, २५६, ६४, ३२, १६, ८, ४ आणि दोन २ आहेत. बेरीज ८९६. २०४८ ला कमी पडतात ११५२, भागिले २.२, म्हणजे अजून सव्वापाचशेच्या आसपास चाली, सेकंदाला एक या वेगाने नऊ मिनिटांचं काम. पोरांना वाटत असतं "५१२ झाला, आता काय दोनच दुपटी राहिल्या" आणि बेरीज सांगते की निम्म्याहून जास्त रस्ता बाकी आहे.

सई_बडबडे

थांबा मी आत्ता फोनवर अर्धवट डाव होता त्यात करून बघितलं. बेरीज ७०४ आली. म्हणजे ३२० चाली झाल्यात माझ्या?? मला वाटलं शंभरेक असतील. बसमध्ये बसल्यापासून खेळतेय आणि स्टॉप एक मागे गेला.

पटावरचा_उंट

बरोबर, ३२० च. स्टॉपबद्दल दिलगीर आहे.

धनुष्य_बाण

२०४८ मध्ये एवढा हिशोब कशाला, ते सगळं नशीबच आहे, आकडा कुठे पडणार ते आपल्या हातात आहे का. तिने सापशिडी लिहिली असती तरी चाललं असतं.

पटावरचा_उंट

पडणं नशीब, ठेवणं आपलं. सापशिडीत सोंगटी कुठे न्यायची हे ठरवता येत नाही, इथे दर चालीला चौकटीतले सगळे आकडे कुठल्या बाजूला सरकवायचे याची चार दिशांतून निवड असते. सगळ्यात मोठा आकडा एका कोपऱ्यात ठेवायचा, समज खाली डावीकडे, आणि शक्यतो खाली आणि डावीकडे या दोनच दिशा वापरायच्या, अडलं तर उजवीकडे. वर सरकवायचं नाही. एकदा वर सरकवलं की मोठा आकडा कोपऱ्यातून सुटतो आणि त्याच्या जागी नेमका २ येऊन बसतो, मग तो २ काढता काढता डाव जातो. उजवीकडे जायच्या आधी खालची ओळ चारही घरं भरलेली आहे ना ते बघायचं, नाहीतर तीच रड. एवढ्याने माझे निम्मे डाव तरी वर जातात. तरी नशीब आहेच, नाही म्हणत नाही.

रात्रपाळी

हे मला २०१४ ला कोणी सांगितलं असतं तर केटी वाचली असती. किंवा दोन लागल्या असत्या.

पटावरचा_उंट

२०४८ झाल्यावर अजून एक सापळा आहे तोपण लिहायला सांग. जिंकलास असा फलक येतो आणि त्यावर "Keep going" असं बटण असतं. ते दाबलं की ४०९६ च्या मागे लागतो माणूस, म्हणजे परत तेवढ्याच चाली. परीक्षणात एक ओळ टाक, की जिंकल्यावर ते बटण दाबायचं नाही. अख्ख्या परीक्षणात हीच ओळ सगळ्यात उपयोगाची ठरेल.

घरचा_अभ्यास

मी एका शाळेत मराठी शिकवते आणि आमच्या अंकाचं संपादनही माझ्याच गळ्यात आहे म्हणून बाईंच्या बाजूने बोलते. परीक्षण म्हणजे जाहिरात नाही, त्यात एक तरी नावडलेली गोष्ट हवी. भाचीच्या लिखाणात तिन्ही छानच आहेत. आणि महत्त्वाचं म्हणजे कशावर खेळायची ते कुठेच नाही. आमच्या वर्गातल्या बहुतेक पोरांकडे स्वतःचा फोनसुद्धा नसतो, आईबाबांचा संध्याकाळी मिळतो तेवढाच. त्यांना यातली कुठली खेळता येईल, फुकट आहे की विकत, हे आधी लिहायला हवं. भाषा मात्र गोड आहे, "डोकं बंद होत नाही" ला मी हात लावला नसता.

मेट्रो३चा_प्रवासी

हा मुद्दा बरोबर काढलात. २०४८ फुकट आणि ब्राउझरमध्येच चालते, काही उतरवायला नको. फोनवर त्याच नावाच्या शंभर नकला आहेत ज्यात दर डावानंतर जाहिरात लागते, त्या टाळायच्या. मिनी मेट्रो फोनवर आहे पण विकत. आणि अ शॉर्ट हाइक फोनवर नाहीच, कॉम्प्युटर नाहीतर स्विचसारखं गेमचं यंत्र हवं. म्हणजे आईचा फोन अर्धा तास मिळणाऱ्या मुलासाठी तीनातली एक तर बादच.

बाकी मिनी मेट्रो मी रोज खेळतो त्यामुळे त्यावर माझं थोडं. तिने लिहिलंय तसं गर्दी झाली की संपलं, पण कसं संपतं ते लिहिलं तर वाचणाऱ्याला चव कळेल. स्टेशनांना आकार असतात, गोल, त्रिकोण, चौकोन, पुढे तारा वगैरे. प्रवासीपण आकाराचेच. त्रिकोणी प्रवाशाला कुठलंही त्रिकोणी स्टेशन चालतं, अमुकच हवं असं नाही. गोल स्टेशनं भरपूर येतात, चौकोन मोजके. नवीन माणूस काय करतो, जवळजवळची चार-पाच गोल स्टेशनं एका लायनीत ओवतो कारण दिसायला छान दिसतं, आणि मग त्या लायनीवर त्रिकोण-चौकोनवाले साचत जातात कारण त्यांना उतरायला जागाच नाही. गोल, त्रिकोण, गोल, चौकोन असं आलटून पालटून ओवलं की निम्मी गर्दी आपोआप जिरते. गर्दी वाढली की स्टेशनाभोवती एक काळसर वर्तुळ भरायला लागतं, ते पूर्ण भरलं की डाव खलास, पण अर्धवट असताना गाडी पोचली तर ते परत उतरतं. ते वर्तुळ दिसलं की आधी गेम थांबवायची, थांबवून रेषा बदलता येतात, मग परत चालू.

सई_बडबडे

थांबवता येतं?!! मी दोन वर्षं घाईघाईत ओढतेय

मेट्रो३चा_प्रवासी

येतं ताई, वर कोपऱ्यात घड्याळापाशी आहे.

धनुष्य_बाण

मिनी मेट्रोत न हरण्याचा मोडपण आहे ना, एंडलेस का काय. परीक्षेत तोच द्यावा पोरांना, हरण्याचं टेन्शन नाही, डोकं शांत.

मेट्रो३चा_प्रवासी

आहे, आणि टेन्शन नाही हेही खरं. पण त्यात स्टेशन कितीही भरलं तरी डाव संपत नाही, म्हणजे उठायचं कारणच उरत नाही. साध्या मोडमध्ये निदान गर्दी येऊन हाकलते तरी. आमच्याकडे माझा मुलगा दहावीला असताना आम्ही वेगळंच केलं. या गेममध्ये आठवडे असतात, आठवडा संपला की गेम आपली आपण थांबते आणि एक नवं इंजिन देते, वर दोनातलं एक निवडायला लावते, नवी लाइन हवी की डबा, बोगदा हवा की डबा, असं. आमचा नियम होता, अभ्यासाच्या मधल्या सुट्टीत तीन आठवडे. तिसऱ्या आठवड्याला बक्षीस निवडलं की फोन खाली. पुन्हा उघडल्यावर डाव तिथूनच सुरू होतो, निदान आमच्या फोनवर व्हायचा. एक डाव त्याला चार-चार दिवस पुरायचा. पहिले दोन दिवस भांडला, मग स्वतःच "बाबा आठवडा झाला" म्हणून फोन आणून द्यायला लागला. दर वेळी नाही, पण बरेचदा.

रात्रपाळी

हे आवडलं. मिनिटात वेळ दिला की पोरं "चालू डाव आहे, दोन मिनिटं" म्हणतात आणि त्यांचंही चूक नसतं, डावाच्या मधे कोण सोडतं. गेमच्या आतलाच थांबा धरला की ते भांडण मिटतं.

घरचा_अभ्यास

हेच परीक्षणात हवं. 'किती वेळ' याऐवजी 'कुठे थांबायचं' असा शब्द घाला. मला वाटतं बाईंना हाच कोन आवडेल.

सई_बडबडे

मग तिसरी गेम बदला. अ शॉर्ट हाइकच्या जागी फ्लॉरेन्स घ्या. फोनवर आहे, अर्ध्या-पाऊण तासात संपते, आणि वीस छोटी प्रकरणं आहेत म्हणजे प्रकरणागणिक थांबता येतं. पंचवीस वर्षांची मुलगी आहे, तिला क्रिश नावाचा चेलो वाजवणारा मुलगा भेटतो, भारतीय वंशाचा. ते पहिल्यांदा भेटतात तेव्हा बोलायला फुग्यांचे तुकडे जुळवावे लागतात, कोडं असतं तसं, आणि ओळख वाढते तसे तुकडे कमी कमी होत जातात, बोलणं सोपं झालं हे शब्दाविना कळतं. पुढे भांडतात तेव्हा त्याच तुकड्यांचं काय होतं ते नाही सांगत. मी बसमध्ये रडले होते. (हो, तोच स्टॉप चुकला.)

घरचा_अभ्यास

वर्णन वाचूनच खेळावीशी वाटतेय, पण नववीच्या मुलीने शाळेच्या अंकात प्रेमात पडून वेगळं होण्याची गोष्ट सुचवली तर आमच्याकडे तरी मुख्याध्यापकांच्या टेबलावर अडकेल. गोष्टीत वावगं काही नसेल, तरी अडकेल.

मेट्रो३चा_प्रवासी

दहावीच्या धड्यात काय काय असतं ते बघता हे जरा जास्तच होतंय मॅडम.

घरचा_अभ्यास

मला पटतंय हो. सही मी करत नाही ना.

पटावरचा_उंट

मी अ शॉर्ट हाइक ठेवा म्हणेन, पण ती परीक्षेच्या मधे नको, शेवटच्या पेपरच्या संध्याकाळी खेळायची म्हणून लिहा. कारण 'दीड तास' हेही अर्धंच खरं आहे. सरळ टोक गाठायचं म्हटलं तर दीड तास. चढायला सोनेरी पिसं लागतात, जितकी पिसं तितका वेळ क्लेअर कड्याला धरून चढू शकते, आणि ती पिसं बेटभर विखुरलेली, काही विकत, काही कोणाचं काम केल्यावर. मग माणूस वाटेत मासे पकडतो, कोणाचं हरवलेलं शोधून देतो, टोकावरून उडी मारून नुसताच घिरट्या घालत खाली येतो कारण ते फार छान वाटतं. मला तीन तास लागले आणि तरी बेट संपलं नव्हतं. शिवाय शेवटी जो फोन येतो त्यानंतर लगेच इतिहासाच्या सनावळ्या पाठ होतील असं मला नाही वाटत.

धनुष्य_बाण

कोणाचा फोन येतो?

पटावरचा_उंट

पोरीने लिहिलंय ना, खेळूनच कळेल.

कुलकर्णी_काकू_ठाणे

मी तो आकड्यांचा खेळ सुनेच्या फोनवर उघडून बघितला. ५१२ पर्यंत गेले. दुपारची भाजी खाली लागली.

रात्रपाळी

काकू 🙏 कोपरा धरला होता का?

कुलकर्णी_काकू_ठाणे

धरला होता. शेवटी वर सरकवावं लागलं.

पटावरचा_उंट

जाता जाता एक, जागा असेल तर. २०४८ इटलीच्या एका एकोणीस वर्षांच्या पोराने, गाब्रिएले चिरुल्लीने, शनिवार-रविवारात बनवली आणि मार्च २०१४ मध्ये फुकट ठेवली, हे सगळ्यांना सांगायला आवडतं. पण त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, फेब्रुवारीत, थ्रीज नावाची गेम आली होती, आकडे ढकलून जोडायची कल्पना तिथली, आणि ती करणाऱ्यांनी त्यावर वर्षभराहून जास्त घालवलं होतं. ती विकत होती. फुकटची जगभर गेली. भाचीला नावडलेली गोष्ट हवी असेल तर ही घे म्हणावं, गेम नावडली असं नाही, पण ही गोष्ट नावडली.

घाटावरचा_मामा

सगळं वाचून दाखवलं. तिची उत्तरं:

शेवटचं वाक्य काढलं. 'पाच मिनिटं' काढून तिथे ९३० चालींचा हिशोब घातलाय, स्वतः घड्याळ लावून बघितलं तर तिची एक चाल दीड सेकंदाची निघाली, म्हणजे तेवीस मिनिटं, त्यामुळे तीच संख्या लिहिणारे. बटणाची ओळ घातली. मेट्रोत तीन आठवड्यांचा नियम घेतला, पण "तीन का, चार का नाही" यावर माझ्याशी वाद चालू आहे. थ्रीजबद्दल एक वाक्य बसवलं, त्यासाठी मुंबईचा नकाशा उडाला याचं तिला वाईट वाटतंय.

तिसरी गेम अजून ठरली नाही. फ्लॉरेन्स आज रात्री माझ्या फोनवर खेळून बघणारे. सोमवारी लिखाण द्यायचंय, शब्द दोनशे एकसष्ट झालेत आणि 'डोकं बंद होत नाही' काढायला तयार नाही.

सई_बडबडे

रुमाल जवळ ठेवायला सांगा. आणि तुम्हीपण शेजारी बसा मामा, अर्ध्या तासाचाच प्रश्न आहे.